लेकराचा पासपोर्ट फोटो: पाचातून कोणता घ्यायचा?

वाशिम : पासपोर्ट काढताना मोठ्या माणसांचा फोटो पासपोर्ट सेवा केंद्रातच काढतात. चार वर्षांखालच्या मुलांचा मात्र घरून न्यावा लागतो. मापाने ४.५ बाय ३.५ सेंटीमीटर, मागे पांढरं. घरात मोबाईलवर फोटो काढले जातात आणि बहुतेक वेळा आई-बाबा गोड हसणाराच निवडतात. नेमका तोच चालत नाही.

समजा, रिसोड तालुक्यातल्या एका घरी तीन वर्षांच्या मुलीचे पाच फोटो काढले. भिंतीवर पांढरी चादर लावलेली.

पहिला सगळ्यांना आवडला, पण त्यात दात दिसतात. तोंड मिटलेलं अन् चेहरा साधा पाहिजे, म्हणून तो बाद. दुसऱ्यात पोरगी शांत आहे, पण खांद्यावर आईची बोटं दिसतात. फोटोत दुसरं कोणी, अगदी हातसुद्धा, दिसता कामा नये. तिसऱ्यात चेहरा सरळ, डोळे उघडे. पण कानाच्या मागे चादरीवर काळी सावली. पोरगी चादरीला टेकून उभी होती अन् फ्लॅश चालू होता, म्हणून ती पडली. चौथा अंगणाच्या दाराजवळचा. एक गाल उजळ, दुसरा काळपट. उजेड एकाच बाजूने आला की असं होतं.

पाचवा फोटो दूरून काढलेला, डोकं लहान अन् वर चादरीची कड दिसते. घरच्यांनी तो आधीच बाजूला टाकला होता. पण डोळे कॅमेऱ्याकडे, मान सरळ, सावली नाही. निवडायचा तर हाच. कड कापून चेहरा मोठा करता येतो. चेहऱ्याने चौकटीचा साधारण ८० टक्के भाग व्यापला पाहिजे, पण केस वर कापले जाऊ नयेत, हनुवटीही पूर्ण दिसली पाहिजे. मिटलेले डोळे, वाकडी मान, गालावरची सावली हे मात्र कापून जात नाही.

म्हणून बघताना आधी डोळे अन् तोंड, मग मान, मग सावली, आणि शेवटी माप. फोटो बोटांनी मोठा करून कानामागचा अन् हनुवटीखालचा भाग बघा. छोट्या स्क्रीनवर तिथली सावली नजरेत येत नाही.

एकही जमला नाही तर पुन्हा काढा. लेकराला चादरीपासून दोन फूट पुढे बसवा, तोंड उघड्या दाराकडे, फ्लॅश बंद. तुम्ही चार-पाच फूट लांब राहा, मोबाईल तिच्या डोळ्यांच्या उंचीवर धरा. टोपी काढा, गालावरची तीट पुसलेली बरी. कपडे पांढरे नकोत, खांदे चादरीत मिसळून जातात. तान्हं बाळ असेल तर पांढऱ्या चादरीवर निजवून वरून काढा, फक्त तुमची सावली त्याच्यावर पडू देऊ नका.

मोबाईलमधलं चेहरा गोरा करणारं फिल्टर बंदच ठेवा. अन् स्टुडिओवाल्याला व्हॉट्सॲपवर पाठवताना फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर प्रिंट धूसर येते.