जुन्या तिकिटाची रात्र

पुण्यातले दोन पाळ्यांत चालणारे एक कार्यालय धरून चालू. वेळा नमुन्याच्या आहेत, यंत्रणा मात्र जशी चालते तशीच. संगणकात एकदा लॉगिन केले की रजेपासून पगारापर्यंत सगळे एका पोर्टलवर, पुन्हा पासवर्ड न विचारता उघडते. पडद्यामागे ॲक्टिव्ह डिरेक्टरी आणि कर्बेरॉस. पोर्टल दोन लिनक्स सर्व्हरांवर आहे आणि दोन्हींच्या वतीने डिरेक्टरीत एकच सर्व्हिस अकाउंट आहे.

संध्याकाळी ५:३०. रात्रपाळी येते, लॉगिन करते, पोर्टल उघडते. प्रत्येकाच्या संगणकाला डोमेन कंट्रोलरकडून पोर्टलचे तिकीट मिळते. ते मोहोरबंद पाकिटासारखे असते. फोडण्याची किल्ली सर्व्हिस अकाउंटच्या पासवर्डमधून तयार होते आणि तिची प्रत सर्व्हरवरच्या कीटॅब फाइलमध्ये ठेवलेली असते. लॉगिनपासून दहा तास, म्हणजे पहाटे साडेतीनपर्यंत, हे तिकीट चालेल.

६:१०. ऑडिटवाल्यांनी शेरा मारलेला असतो: या अकाउंटचा पासवर्ड वर्षानुवर्षे तोच आहे. ॲडमिन तो बदलतो. त्याच क्षणी डिरेक्टरीत किल्लीचा क्रमांक ४ चा ५ होतो. कीटॅबमध्ये अजून ४ च.

६:१५. ॲडमिन स्वतःच्या संगणकावरून पोर्टल उघडून बघतो. उघडते! उघडणारच, कारण त्याचे तिकीट दुपारचे, जुन्या किल्लीचे आहे आणि सर्व्हरकडेही जुनीच किल्ली आहे. आधी `klist purge` चालवून तिकिटे पुसली असती, तर बिंग तिथेच फुटले असते. तो काम झाल्याची नोंद करून निघतो.

७:२०. एक जण उशिरा येतो. त्याला नवे तिकीट मिळते, क्रमांक ५ चे, आणि पोर्टलऐवजी नाव-पासवर्डाची चौकट समोर येते. शेजारच्याचे व्यवस्थित चालू असते, त्यामुळे 'मशीन रीस्टार्ट करा' असे उत्तर मिळते. तक्रार किरकोळ म्हणून नोंदवली जाते. सबंध रात्रीतली ही एकच खूण.

पहाटे २:३०. पाळी सुटते. तिकिटे संपायच्या आत सगळे घरी.

सकाळी ९:००. दिवसपाळी येते. सगळ्यांचीच तिकिटे नवी, सगळ्यांसमोर तीच चौकट. माणूस पासवर्ड टाकतो, तो बरोबर असतो, पण त्यातून पुन्हा तेच ५ क्रमांकाचे तिकीट मिळते आणि चौकट परत येते. मग मनात शंका: मागच्या महिन्यात बदलला होता का? तो जुने पासवर्ड, कॅपिटल अक्षरे, शेवटी उद्गारचिन्ह असे काय काय करून बघतो.

९:२५. अंदाजांची मर्यादा संपून अकाउंट लॉक होऊ लागतात. डोमेन कंट्रोलरच्या लॉगमध्ये ४७४० च्या नोंदी रांगेने दिसतात. हेल्पडेस्क त्यामागे लागतो, लॉक उघडतो, वर लोकांचे पासवर्डही बदलून देतो. त्या बिचाऱ्यांच्या पासवर्डांत काही खोट नव्हतीच. त्याच लॉगमध्ये तिकीट दिल्याची ४७६९ ही नोंद यशस्वी दिसते, म्हणून डिरेक्टरीवाले म्हणतात, आमच्याकडे सगळे ठीक. एका अर्थी खरेच आहे. तिकीट नीट दिले गेले, ते उघडत नव्हते दुसरीकडे.

१०:१५. अखेर कुणीतरी पोर्टलच्या सर्व्हरचा लॉग उघडतो. त्यात स्पष्ट लिहिलेले असते:

```
kvno 5 not found in keytab; keytab is likely out of date
```

`klist -k` ने फाइलमधला क्रमांक आणि `kvno` ने डिरेक्टरीतला क्रमांक पाहिला की निदान पक्के होते.

१०:४०. खरा घोळ इथे होतो. पहिल्या सर्व्हरसाठी `ktpass` ने नवी कीटॅब काढली जाते. हा आदेश नुसती फाइल देत नाही. सहसा अकाउंटचा पासवर्डही नव्याने लावतो. क्रमांक ६. पहिला सर्व्हर चालू.

१०:५५. दुसऱ्या सर्व्हरसाठी तोच आदेश पुन्हा. क्रमांक ७. आता नवे तिकीट घेणाऱ्याला पहिला सर्व्हर नाकारतो, दुसरा घेतो. लोड बॅलन्सर विनंती कुठे पाठवेल त्यावर सगळे अवलंबून. 'एकदा उघडते, एकदा नाही' अशा तक्रारी सुरू होतात आणि नेटवर्कवाल्यांनाही कामाला लावले जाते.

११:३०. ७ क्रमांकाची एकच फाइल दोन्ही सर्व्हरांवर ठेवून सेवा रीस्टार्ट केल्या जातात. ज्यांच्याकडे सकाळची ५ ची किंवा मधली ६ ची तिकिटे आहेत, त्यांना साइन आउट करून परत यायला सांगावे लागते, नाहीतर ती संपेपर्यंत त्यांचे पोर्टल बंदच.

कीटॅबचे काम पासवर्ड बदलायच्या आधीच करता येते. नवा पासवर्ड ठरवून `ktutil` ने त्याची किल्ली ५ क्रमांकाने तयार करायची, जुन्या ४ शेजारी त्याच फाइलमध्ये ठेवायची, फाइल दोन्ही सर्व्हरांवर पोहोचवायची, आणि मगच डिरेक्टरीत पासवर्ड बदलायचा. कीटॅबमध्ये दोन किल्ल्या सुखाने नांदतात: जुन्या तिकिटाला जुनी लागते, नव्याला नवी. दहा तास उलटले की जुनी काढली तरी चालते.