नकाशावरचा गडद पट्टा आणि बीडचे सहा शेजारी

३१ मार्च २०११ रोजी जनगणनेचे प्राथमिक आकडे जाहीर झाले आणि महाराष्ट्राच्या नकाशात बीड जिल्हा एकदम नजरेत भरला. शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलग्यांमागे मुली फक्त ८०१. पुढे अंतिम आकडे आले तेव्हा बीडचा आकडा ८०७ झाला, आणि राज्याचा ८८३ वरून ८९४. गंमत अशी, की २००१ मध्ये बीडचा आकडा ८९४ च होता. म्हणजे दहा वर्षांपूर्वी बीड जिथे होते तिथे सारे राज्य येऊन पोचले होते, आणि बीड मात्र आणखी खूप खाली गेले होते.

हे आकडे घेऊन जिल्ह्यांचा नकाशा रंगवला, कमी आकड्याला गडद रंग दिला, की जळगाव, बुलढाणा, औरंगाबाद, अहमदनगर, बीड असा गडद पट्टा उमटतो. (जिल्ह्यांची नावे आम्ही २०११ ची वापरत आहोत. अहमदनगर आज अहिल्यानगर, औरंगाबाद छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबाद धाराशिव झाले आहे.) पट्टा दिसताच मन गोष्ट रचू लागते. हे लोण एका जिल्ह्यातून दुसऱ्यात पसरले असणार. किंवा इथल्या मातीतच काहीतरी आहे. भूगोलाच्या शोधनिबंधांतही अशा गोष्टी शिरतात. त्या शिरू नयेत म्हणून एक मोजमाप तयार झाले. ते कुठून आले आणि त्याच्याकडून किती काम घ्यावे, ते पाहू या.

मूळ प्रश्न साधा आहे. ठिपके किंवा रंग नकाशावर नुसते योगायोगाने पडले असते, तरी काही ठिकाणी सारखे रंग शेजारी आलेच असते. मग दिसणारा गठ्ठा योगायोगाच्या पलीकडचा आहे, हे कसे ठरवायचे? १९४८ साली ऑस्ट्रेलियन संख्याशास्त्रज्ञ पॅट्रिक मोरान यांनी सांख्यिकी नकाशांचा अर्थ लावण्यावर निबंध लिहिला, आणि १९५० मध्ये आज त्यांच्या नावाने ओळखला जाणारा निर्देशांक आला. मधल्या १९४९ साली पी. व्ही. कृष्ण अय्यर या भारतीय संख्याशास्त्रज्ञाने चौकटींच्या जाळ्यात एकाच रंगाचे ठिपके योगायोगाने किती वेळा शेजारी येतील याचे गणित मांडले होते. आपल्याकडच्या पाठ्यपुस्तकांत हे नाव क्वचितच दिसते. १९५४ मध्ये आयर्लंडच्या गिअरी यांनी तिथल्या परगण्यांचे आकडे घेऊन असेच आणखी एक माप काढले. ‘अवकाशीय स्वसहसंबंध’ हे जडशीळ नाव क्लिफ आणि ऑर्ड या ब्रिटिश जोडीमुळे १९७० च्या आसपास भूगोलात रुळले. अर्थ एवढाच : एखाद्या जागेची किंमत तिच्या शेजाऱ्यांच्या किमतींशी किती मिळतीजुळती आहे. २००१ साली गिल्मोतो आणि इरुदया राजन यांनी भारतातल्या जिल्ह्यांच्या जननदराला हेच माप लावून दाखवले, की जननदरातील घट विखुरलेल्या जिल्ह्यांत नाही, तर सलग प्रदेशांत झाली आहे.

फळ्यावर करून पाहू

बीडच्या सीमेला सहा जिल्हे लागतात. २०११ चे त्यांचे अंतिम आकडे असे : अहमदनगर ८५२, औरंगाबाद ८५८, उस्मानाबाद ८६७, जालना ८७०, परभणी ८८४, लातूर ८८९. सहांची बेरीज ५२२०, सरासरी ८७०. आता राज्याचा ८९४ हा आकडा मध्य मानू. (काटेकोर हिशेबात जिल्ह्यांच्या आकड्यांची सरासरी घेतात, फळ्यावर एवढे चालेल.) बीड मध्याच्या ८७ ने खाली, शेजारी सरासरी २४ ने खाली. उणे ८७ गुणिले उणे २४, उत्तर अधिक २०८८. उणे गुणिले उणे अधिक, म्हणून बीड आणि त्याचे शेजारी मध्याच्या एकाच बाजूला आहेत. एखादा जिल्हा वर आणि त्याचे शेजारी खाली असते, तर गुणाकार उणे आला असता. राज्यातल्या सर्व जिल्ह्यांचे असे गुणाकार करून त्यांची सरासरी काढायची, आणि आकड्यांच्या एकूण विखुरणीने तिला भागायचे, की मोरानचा निर्देशांक मिळतो. एकेका जिल्ह्याचा गुणाकार वेगळा ठेवला तर तो स्थानिक निर्देशांक. तो १९९५ साली ल्यूक अॅन्सेलिन यांनी रूढ केला.

निर्देशांक आला, पुढे काय? योगायोगात काय आले असते त्याच्याशी तुलना करायची. त्यासाठी गणिताचे अवघड सूत्र लागत नाही. २०११ मध्ये राज्यात ३५ जिल्हे होते. बीड बाजूला ठेवा. उरलेल्या ३४ जिल्ह्यांचे आकडे चिठ्ठ्यांवर लिहा, मडक्यात टाका, सहा चिठ्ठ्या काढा आणि सरासरी लिहून ठेवा. चिठ्ठ्या परत टाकून पुन्हा काढा. संगणक हे ९९९ वेळा करतो. वर्गात ५० वेळाही पुरे. यादृच्छिक सहा ‘शेजाऱ्यांची’ सरासरी ८७० किंवा त्याहून कमी किती वेळा आली, ते मोजायचे. क्वचितच आली, तर बीडभोवतीचा गठ्ठा निव्वळ योगायोगाचा नाही असे म्हणता येते.

या खेळात एक गोष्ट सहज निसटते. मडक्यात बीडची चिठ्ठीच नाही. मध्य तोच धरला, तर बीडचा आकडा ८०७ ऐवजी ८६० असता, तरी कसोटीचा निकाल तोच लागला असता! निकाल ठरतो शेजाऱ्यांच्या ८७० वर. बीडच्या मोठ्या घसरणीमुळे गुणाकार मोठा होतो, पण ‘लक्षणीय’ हा शिक्का शेजाऱ्यांमुळे मिळतो. शोधनिबंधात मात्र बीड ‘कमी-कमी’ गटात पडले, की वाचणारा समजतो बीड आणि शेजारी सारखेच. तसे नाही. बीड शेजाऱ्यांच्या सरासरीपेक्षा ६३ ने खाली आहे, तर सगळे शेजारी मिळून राज्यापेक्षा फक्त २४ ने. हे पठार नव्हे, उतारावरचा खड्डा आहे. म्हणून निर्देशांकाबरोबर मूळ आकडेही छापायला हवेत.

दुसरे, ३५ जिल्ह्यांना ३५ कसोट्या लावल्या आणि दर वीसात एक चूक चालेल असे धरले, तर काहीही नसताना एक-दोन जिल्हे ‘लक्षणीय’ निघतीलच. त्यामुळे मर्यादा कडक करावी लागते, आणि ती किती केली हे लिहावे लागते. तसेच शेजारी कोणाला म्हटले, हेही. सीमा लागते तो शेजारी, की मुख्यालयापासून ठरावीक अंतरातला? बीड राज्याच्या पोटात आहे म्हणून त्याचे सर्व शेजारी आपल्या हिशेबात आले. कोल्हापूर किंवा नांदेडला तसे नाही. त्यांचे काही शेजारी दुसऱ्या राज्यात आहेत, आणि राज्याच्या सीमेवर नकाशा कापला की ते गळतात. दोन-तीन प्रकारे शेजार ठरवूनही बीडभोवतीचा गठ्ठा टिकला, तर त्यावर भिस्त ठेवावी.

पाटोद्यातून पाहताना

पाटोदा तालुका बीडच्या पश्चिमेला, बालाघाटाच्या डोंगरात आहे. मांजरा नदी याच भागात उगम पावते. इथून अहमदनगर जिल्ह्यातले जामखेड जवळ; परळी मात्र जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला. २०१२ साली परळीतील एका रुग्णालयातील गर्भपाताचे प्रकरण उघडकीस आले, तेव्हा बीडच्या कमी आकड्याचे कारण सापडले असे अनेकांना वाटले. पण जिल्ह्याचा आकडा पाटोदा आणि परळीला एकाच रंगात रंगवतो, आणि पाटोदा-जामखेड या खऱ्या शेजाऱ्यांमध्ये सीमेची रेघ ओढतो. जिल्ह्याच्या निर्देशांकातून पाटोद्याविषयी काहीच सिद्ध होत नाही.

मग तालुक्यांचाच नकाशा का काढू नये? काढावा, पण एक अडचण येते. समजा, एका तालुक्यात १६ हजार मुले आहेत आणि जन्माचे खरे प्रमाण ८९४ आहे. केवळ योगायोगाने तिथला आकडा साधारण २८ ने वर किंवा खाली जाऊ शकतो. एखाद्या गावात १६० च मुले असतील, तर हा हेलकावा दहा पट, म्हणजे २८० चा. गावाच्या ७०० या आकड्यावरून ग्रामसभेत कोणाकडे बोट दाखवणे म्हणूनच अन्यायाचे आहे. एकक लहान केले की शेजार खरा होतो आणि आकडा डळमळतो.

पाटोद्याची आणखी एक बाब आम्हांला फार महत्त्वाची वाटते. इथून दरवर्षी हजारो कुटुंबे ऊसतोडीला जातात. कोयता दिवाळीच्या सुमारास निघतो तो उन्हाळ्यात परततो. २०११ ची गणना ९ ते २८ फेब्रुवारीला झाली, म्हणजे ऐन गाळप हंगामात. गणनेचा पूर्ण काळ जो घरापासून दूर असतो त्याची नोंद तो जिथे सापडेल तिथे होते. त्यामुळे फडावर सोबत नेलेली मुले साखर कारखान्याच्या जिल्ह्यात मोजली गेली, आणि आजी-आजोबांजवळ ठेवलेली पाटोद्यात. सोबत नेण्यात आणि मागे ठेवण्यात मुलगा-मुलगी असा फरक होत असेल, तर दोन्हीकडचा आकडा हलतो. ऊसतोडीला जाणारे तालुके एकमेकांना लागून असल्याने असा हललेला आकडाही नकाशावर गठ्ठ्यानेच दिसेल. तो गठ्ठा खरा असेल, निर्देशांकही बरोबर असेल. कारण मात्र मोजणीच्या वेळेत असेल. बीडची एवढी मोठी घसरण केवळ याने झाली, असे आम्ही म्हणत नाही. पण जन्मनोंदणीचे आकडे शेजारी ठेवून ही शक्यता तपासता येते. कारण सहा वर्षांच्या मुलांचे स्थलांतर जन्माच्या नोंदीत शिरत नाही.

याच्या उलट चूकही होते. बीडमध्ये ऊसतोड कामगार पुष्कळ, आणि बीडमध्ये मुली कमी. म्हणून ऊसतोड कामगार मुली नको म्हणतात, असे अनुमान. मोरानचा निबंध आला त्याच १९५० साली अमेरिकेत रॉबिन्सन यांनी हा सापळा दाखवला. ज्या राज्यांत परदेशात जन्मलेले लोक जास्त, तिथे साक्षरता जास्त होती; पण व्यक्तिशः पाहिले तर परदेशात जन्मलेल्यांतच निरक्षरता जास्त होती. ते लोक साक्षर राज्यांत जाऊन राहिले होते, इतकेच. लिंगतपासणीला पैसे लागतात. बीडमधल्या कोणत्या घरांनी ती केली, हे जिल्ह्याचा नकाशा कधीच सांगणार नाही.

पसरण्याच्या गोष्टीचेही तेच. एका वर्षाच्या नकाशावरून लोण पसरले असे म्हणता येत नाही. एकसारखे हुंडाव्यवहार, एकसारखी शेती, एकाच शहरातली सोनोग्राफी केंद्रे, यांनीही तसाच पट्टा उमटतो. २००१ मध्ये राज्यातला सर्वांत गडद भाग कोल्हापूर (८३९) आणि सांगली (८५१) हा होता. २०११ मध्ये ते ८६३ आणि ८६७ वर आले, आणि गडद रंग मराठवाडा-खानदेशाकडे दिसू लागला. गठ्ठा ‘सरकला’ असे लिहिण्याचा मोह होतो. प्रत्यक्षात एका ठिकाणी आकडा वाढला आणि दुसऱ्या ठिकाणी घटला. या दोन घटनांची कारणे वेगवेगळी असू शकतात.

तेव्हा निबंधात एवढेच वाक्य लिहावे : ‘२०११ च्या अंतिम आकड्यांनुसार, सीमा लागणे हा शेजार धरला असता, बीड आणि त्याचे शेजारी राज्याच्या आकड्याच्या खाली आहेत, ९९९ फेरबदलांत शेजाऱ्यांची इतकी कमी सरासरी अमुक वेळा आली.’ ‘अमुक’ च्या जागी मडक्यातून निघालेला आकडा घालायचा.

२०२१ ची जनगणना झाली नाही. जून २०२५ च्या अधिसूचनेनुसार पुढच्या जनगणनेचा संदर्भदिनांक १ मार्च २०२७ ठरला आहे. त्या सुमारासही कोयते फडावरच असतात.