वॉटसन्स हॉटेल: पाडायचं की टेकू द्यायचा?

जहांगीर आर्ट गॅलरीच्या परिसरात, काळा घोड्याच्या कोपऱ्यावर, टेकू लावलेली एक जुनाट इमारत तुमच्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. ती म्हणजे एस्प्लनेड मॅन्शन, पूर्वीचं वॉटसन्स हॉटेल. 1896 साली ल्युमिएर बंधूंचे चलच्चित्रपट भारतात पहिल्यांदा इथेच दाखवले गेले.

मला मात्र तिचा सांगाडा जास्त मोलाचा वाटतो. रोलंड मेसन ऑर्डिश यांनी आखलेले लोखंडी खांब आणि तुळया इंग्लंडमध्ये ओतून जहाजाने मुंबईत आणल्या आणि 1860 च्या दशकाच्या उत्तरार्धात इथे जोडल्या. इमारतीचा भार हा सांगाडाच पेलतो. मधल्या विटा केवळ भराव आहेत. ओतीव लोखंड दाब उत्तम सोसतं, पण ताणाला कमजोर असतं आणि तडा गेला तर आधी वाकत नाही, एकदम तुटतं. त्यामुळे पाणी मुरून सांधे गंजले की धोका उशिरा कळतो.

पाणी मुरू कसं दिलं? हॉटेल बंद पडल्यावर आतल्या खोल्यांचे तुकडे पाडून भाडेकरू ठेवले गेले. न्यायालयं जवळ असल्याने बरीच वकिलांची कार्यालयं आली. 1947 च्या भाडे कायद्याने भाडं 1940 च्या पातळीवर गोठलं. एवढ्या तुटपुंज्या भाड्यात मालकाने दुरुस्ती कशातून करायची? 1969 पासून अशा जुन्या इमारतींवर उपकर बसवून दुरुस्तीची जबाबदारी मंडळाकडे गेली, पण मंडळाचा निधी साध्या चाळींच्या दुरुस्तीच्या हिशेबाचा. शतकापूर्वीच्या ओतीव लोखंडासाठी तो पुरणारा नव्हता.

2005 मध्ये बाल्कनीचा भाग कोसळून एकाचा बळी गेला. 2019 मध्ये इमारत रिकामी करण्यात आली. आयआयटी मुंबईच्या अहवालात ती पाडावी असं मत आलं. संवर्धनतज्ज्ञांनी त्याला विरोध केला: योग्य दुरुस्ती केली तर सांगाडा वाचू शकतो. वाद उच्च न्यायालयात पोहोचला. इमारत वारसा यादीत दुसऱ्या ‘अ’ श्रेणीत असल्याने नेहमीच्या धोकादायक इमारतीसारखी ती पाडता येत नाही. वारसा समितीचा सल्ला लागतो.

हे दोन अहवाल परस्परविरोधी वाटले, तरी माझ्या मते दोघे वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं देत होते. ‘आज आत राहणं सुरक्षित आहे का?’ याचं उत्तर ‘नाही’ असं असू शकतं आणि त्याच वेळी ‘वाचवता येईल का?’ याचं ‘हो’. पहिल्याचा उपाय म्हणजे माणसं बाहेर काढून टेकू देणं. तेवढ्यावरून पाडण्याचा निष्कर्ष निघत नाही.

खरी गाठ तिसऱ्या प्रश्नाची आहे: खर्च कोणी करायचा? पाडून नवी बांधली तर भाडेकरूंना जागा आणि मालकाला वाढीव बांधकाम मिळू शकतं. जपली तर लाभ साऱ्या शहराला, भार मात्र मालकावर. वारसा इमारतीचे वापरता न येणारे बांधकाम हक्क दुसरीकडे विकण्याची तरतूद आहे. तो पैसा याच सांगाड्याच्या दुरुस्तीला बांधून दिला, तरच ‘जपा’ म्हणणाऱ्यांच्या बोलण्याला वजन येईल.