मक्ता : गझलेच्या शेवटी कवीने स्वतःला मारलेली हाक

गाझियाबादच्या एम. एम. एच. महाविद्यालयात हिंदी शिकवणारे कुँवर बहादुर सक्सेना (१९४२–२०२१) काव्यजगतात 'कुँअर बेचैन' म्हणून ओळखले जातात. 'ग़ज़ल का व्याकरण' हे पुस्तकही त्यांनी लिहिले. त्यांच्या टोपणनावाच्या आधारे गझलेचा मक्ता म्हणजे काय, हे चांगले समजून घेता येते.

ज्या शेवटच्या शेरात कवीचे टोपणनाव (तखल्लुस) येते, त्याला मक्ता म्हणतात. या शब्दाच्या मुळाशी 'तोडणे' असा अर्थ आहे. शेवटच्या शेरात नाव नसेल तर तो केवळ शेवटचा शेर. हा भेद काटेकोर वाटेल, पण त्यामागे मोठा इतिहास आहे. 'तखल्लुस'चा मूळ अर्थ सुटका. जुन्या कसीद्यात, म्हणजे आश्रयदात्याच्या स्तुतिकाव्यात, कवी प्रेमाच्या किंवा ऋतूच्या वर्णनाने सुरुवात करी आणि मग एका शेरात तिथून सुटून राजाच्या नावावर येई. या वळणालाच तखल्लुस म्हणत. बाराव्या शतकात, विशेषतः सनाईच्या काळापासून, फार्सी गझलेच्या शेवटी कवीचे स्वतःचे नाव नियमाने येऊ लागले. जिथे आश्रयदाता उभा असायचा तिथे कवी स्वतः येऊन उभा राहिला, असे म्हणायला हरकत नाही. सादी आणि हाफिज यांच्यापर्यंत ही रीत पक्की झाली.

नाव घालण्याचा व्यावहारिक उपयोग उघड आहे. गझल तोंडोतोंडी फिरायची, तेव्हा नाव म्हणजे शिक्का. पण शिक्का फसवूही शकतो. गालिब (१७९७–१८६९) सुरुवातीला 'असद' या नावाने लिहीत. त्याच नावाच्या दुसऱ्या कवीचे शेर आपल्या नावावर खपतात हे पाहून त्यांनी 'गालिब' हे नाव घेतले. तरी 'असद' पूर्ण सुटले नाही, कारण वृत्त. अ-सद् म्हणजे लघु-गुरू, गा-लिब् म्हणजे गुरू-गुरू. ज्या जागी वृत्ताला लघु हवा तिथे 'गालिब' बसणार नाही.

हाच हिशेब 'कुँअर बेचैन' या नावावर करून पाहा. 'कुँअर' लघु-गुरू, 'बेचैन' गुरू-गुरू-लघु. 'लगागागा लगागागा' या चालीत 'कुँअर' ओळीच्या अगदी आरंभी बसते, म्हणजे हाक मारून ओळ सुरू करता येते. 'बेचैन' आरंभी बसत नाही. पहिल्या गणाच्या शेवटच्या दोन गुरूंवर सुरू होऊन ते पुढच्या गणाच्या लघूवर संपते. त्याआधी एक लघु आणि एक गुरू भरावा लागतो. या चालीत नाव निवडले की त्याची जागाही ठरते.

आता अर्थाकडे येऊ. एक काल्पनिक गझल समजा. पहिल्या शेरात गाव झोपले आहे, दुसऱ्यात नदी, तिसऱ्यात प्रेयसीची खिडकी मिटली आहे. हे शेर एकमेकांवर अवलंबून नाहीत. त्यांचा क्रम बदलला तरी बिघडत नाही. गझलेचा हा स्वभावच आहे. मग शेवटी कवी म्हणतो, 'बेचैन, आता तूही झोप.' इथे दोन गोष्टी घडतात. एक, नाव हे विशेषणही आहे. अस्वस्थतेलाच झोपायला सांगितले जाते, आणि ते ऐकले जाणार नाही हे आपल्याला कळते. दुसरी, आतापर्यंत सारे पाहणारा जागा होता, हे मागच्या तिन्ही शेरांना मागाहून चिकटते. सुट्या शेरांना एक डोळा मिळतो. हा शेर मधे हलवला तर हे घडणार नाही.

मराठी वाचकाला इथे 'तुका म्हणे' आठवेल. साम्य आहे, पण गल्लत नको. अभंगातली नाममुद्रा बहुधा 'म्हणे'सह येते. बोलणाऱ्याची ओळख देऊन पुढचे वचन त्याच्या तोंडी घालते. मक्त्यातला कवी पुष्कळदा बोलणारा नसून ऐकणारा असतो. त्याची समजूत घातली जाते, टर उडवली जाते, कधी त्याला मृत मानून त्याच्याविषयी बोलले जाते. बोलणारा कोण, हे मोकळे राहते. म्हणूनच मक्त्यातली दारूबाजी किंवा बदनामी चरित्राचा पुरावा म्हणून वापरणे धोक्याचे. ती बरीचशी परंपरेने दिलेली भूमिका असते.

मराठी गझलेने ही रीत सरसकट उचलली नाही. सुरेश भटांच्या बहुतेक गझला नावाशिवाय संपतात. इलाही जमादारांच्या अनेक गझलांत मात्र शेवटी 'इलाही' येतो. नाव आले म्हणजे मक्ता जमला असेही नाही. पारख सोपी आहे: नावाच्या जागी तितक्याच मात्रांचा 'मित्रा' किंवा 'सखे' असा शब्द ठेवून शेर पुन्हा वाचावा. काहीच हरवले नाही, तर तिथे फक्त सही होती.