महागाई वाढली की व्याजदर वाढवायलाच हवा का? पतधोरणातला ‘नियम विरुद्ध स्वविवेक’ वाद

मे २०२० मध्ये, लॉकडाऊन सुरू असताना, रिझर्व्ह बँकेने रेपो दर ४ टक्क्यांवर आणला. रेपो दर म्हणजे रिझर्व्ह बँक इतर बँकांना ज्या व्याजाने अल्पमुदतीचं कर्ज देते तो दर. त्यानंतर अनेक महिने महागाई ६ टक्क्यांच्या वर होती, म्हणजे ठरवून दिलेल्या मर्यादेबाहेर. तरीही दर वाढला नाही. तो वाढला थेट मे २०२२ मध्ये.

मग नियम असून उपयोग काय? स्पर्धा परीक्षांत निबंधाला येणारा ‘नियम विरुद्ध स्वविवेक’ हा प्रश्न नेमका इथे सुरू होतो.

नियम हवा, असं म्हणणाऱ्यांचा मुद्दा काय?

समजा, मध्यवर्ती बँकेने सांगितलं की महागाई ४ टक्क्यांवर ठेवू. लोकांनी विश्वास ठेवला, कामगारांनी त्याच अंदाजाने पगाराचे करार केले. आता बँकेला मोह होतो: दर थोडा कमी ठेवला तर रोजगार वाढेल, महागाई जराशी चढली तर काय बिघडलं? पण पुढच्या वर्षी लोक शहाणे होतात आणि करारातच जास्त पगार मागतात. शेवटी रोजगार होता तिथेच राहतो आणि महागाई मात्र वाढलेली असते. फिन किडलंड आणि एडवर्ड प्रेस्कॉट यांनी १९७७ मध्ये हा युक्तिवाद मांडला. २००४ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, त्यात या कामाचा मोठा वाटा होता.

यात बँक वाईट हेतूने वागते असं कुठेच म्हटलेलं नाही. हेतू चांगला असला तरी हात मोकळे असले की हे होतं, म्हणून हात आधीच बांधून घ्यावेत, असं त्यांचं म्हणणं.

मग सूत्रच का लावू नये?

जॉन टेलर यांनी १९९३ मध्ये असं सूत्र दिलं. महागाई लक्ष्याच्या किती वर आहे आणि उत्पादन क्षमतेच्या किती खाली आहे, एवढं पाहायचं आणि दर काढायचा.

कल्पित आकडे घेऊन पाहू. महागाई ७ टक्के, लक्ष्य ४ टक्के आणि महागाई वजा जाता ‘सामान्य’ व्याजदर १.५ टक्के. यात ७ आणि १.५ यांची बेरीज करायची, वर लक्ष्यापासूनच्या ३ टक्के फरकाचा निम्मा भाग, म्हणजे १.५, मिळवायचा. दर येतो १० टक्के. उत्पादन क्षमतेपेक्षा ४ टक्के कमी असेल तर त्याचा निम्मा भाग, म्हणजे २, वजा करायचा. दर ८ टक्के.

अडचण अशी की ‘क्षमता’ कुठेच थेट मोजता येत नाही. ती अंदाजाने काढावी लागते आणि हे अंदाज नंतर बदलतात. म्हणजे सूत्र वापरलं तरी स्वविवेक मागच्या दाराने आत येतोच.

दुसरं म्हणजे, महागाई कशामुळे वाढली हे सूत्राला कळत नाही. टोमॅटो-कांद्याचं पीक पावसात गेलं किंवा लॉकडाऊनमुळे माल अडकला, तर व्याजदर वाढवून भाजी बाजारात येत नाही. स्वविवेकाची बाजू इथे सगळ्यात भक्कम आहे.

भारताने काय निवडलं?

दोन्हींच्या मधलं. २०१६ मध्ये रिझर्व्ह बँक कायद्यात बदल झाला. ४ टक्के लक्ष्य ठरलं आणि मर्यादा २ ते ६ टक्के. दर ठरवते सहा जणांची पतधोरण समिती. सलग तीन तिमाह्या सरासरी महागाई मर्यादेबाहेर राहिली, तर ते अपयश धरलं जातं आणि रिझर्व्ह बँकेला सरकारला लेखी अहवाल द्यावा लागतो: कारणं काय, उपाय काय, लक्ष्य कधी गाठणार. दंड मात्र काही नाही.

२०२० मध्ये एप्रिल-मेचे भाव लॉकडाऊनमुळे नीट गोळाच झाले नव्हते, आकडे अंदाजाने भरलेले होते. समितीने ते मालिकेतला खंड मानले. हे आकडे धरले असते, तर जानेवारी ते सप्टेंबर २०२० या तिन्ही तिमाह्यांची सरासरी ६ टक्क्यांच्या वर गेली असती. निर्णय समजण्यासारखा होता, पण नियम कधी लागू होतो हेही नियम पाळणाऱ्यानेच ठरवलं.

२०२२ मध्ये ही पळवाट नव्हती. जानेवारी ते सप्टेंबर महागाई मर्यादेबाहेर राहिली, ३ नोव्हेंबरला समितीची खास बैठक झाली आणि अहवाल सरकारला गेला. तो रिझर्व्ह बँकेने जाहीर केला नाही. हात बांधून घेण्याचा फायदा लोकांना दिसण्यात असतो, त्यामुळे ही उणीव लहान नाही.

निबंधाचा शेवट कसा करता येईल?

“नियमामुळे मध्यवर्ती बँकेच्या शब्दाला किंमत येते, तर स्वविवेकामुळे अनपेक्षित संकटात तिला वाट काढता येते. निव्वळ सूत्राला पुरवठ्याचा धक्का आणि मागणीची वाढ यांतला फरक कळत नाही. निव्वळ स्वविवेकाला अल्पकालीन लाभाचा मोह आवरत नाही. म्हणून लक्ष्य कायद्याने बांधावं, तिथे पोहोचण्याचा वेग आणि मार्ग तज्ज्ञांवर सोडावा आणि लक्ष्य चुकल्यास कारणं जाहीरपणे मांडणं सक्तीचं असावं. भारताच्या २०१६ च्या चौकटीत पहिल्या दोन गोष्टी आहेत. तिसरी अर्धवट आहे.”