मानव विकास निर्देशांक

मानव विकास निर्देशांक म्हणजे एखाद्या देशातली माणसे किती जगतात, किती शिकतात आणि बऱ्यापैकी जगण्यासाठी त्यांच्याकडे किती साधने आहेत, हे ० ते १ यांदरम्यानच्या एका आकड्यात सांगणारे मोजमाप. पाकिस्तानी अर्थतज्ज्ञ महबूब उल हक यांनी अमर्त्य सेन यांच्या साहाय्याने ते आकाराला आणले आणि संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या १९९० सालच्या पहिल्या मानव विकास अहवालात ते प्रसिद्ध झाले. देशांची तुलना तोवर मुख्यतः दरडोई उत्पन्नावरून होत असे. सारखे उत्पन्न असलेले देश या निर्देशांकात एकमेकांपासून किती दूर जातात, यावरून त्याचे वेगळेपण कळते.

घटक. निर्देशांकाला तीन अंगे आहेत आणि तिन्हींचे वजन सारखे आहे. पहिले अंग आयुष्याचे. जन्माच्या वेळी बाळाला किती वर्षांचे आयुष्य अपेक्षित आहे, ते यात पाहतात. २० वर्षांना ० गुण आणि ८५ वर्षांना १ गुण मिळतो. दुसरे अंग शिक्षणाचे. त्यात दोन मापांची सरासरी घेतात. पंचविशी ओलांडलेल्या प्रौढांनी सरासरी किती वर्षे शिक्षण घेतले, हे एक माप; त्याची वरची मर्यादा १५ वर्षे. आज शाळेत पाऊल टाकणारे मूल किती वर्षे शिकेल अशी अपेक्षा आहे, हे दुसरे. त्याची मर्यादा १८ वर्षे. पहिल्या मापात देशाच्या शाळांचा भूतकाळ उतरतो, दुसऱ्यात वर्तमान. २०१० पूर्वी या जागी साक्षरतेचे प्रमाण आणि पटनोंदणी असे.

तिसरे अंग उत्पन्नाचे. दरडोई सकल राष्ट्रीय उत्पन्न घेऊन ते देशोदेशीच्या किमतींतला फरक काढून टाकलेल्या डॉलरांत मोजतात. खालची मर्यादा १०० डॉलर, वरची ७५,००० डॉलर. उत्पन्नाचे गुण मात्र सरळ डॉलरांवर मिळत नाहीत, त्याच्या लॉगरिदमवर मिळतात. त्यामुळे उत्पन्न १,००० वरून २,००० डॉलर झाले काय किंवा २०,००० वरून ४०,००० झाले काय, गुणांत वाढ सारखीच, सुमारे ०.१०. गरीब घरात आलेला रुपया श्रीमंत घरातल्या रुपयापेक्षा जास्त उपयोगी पडतो, ही धारणा अशी सूत्रातच बसवली आहे.

या तीन उपनिर्देशांकांचा गुणाकार करून त्याचे घनमूळ काढले की मानव विकास निर्देशांक मिळतो. २०१० पर्यंत तिन्हींची साधी सरासरी काढली जाई. गुणाकारात एखादे अंग लुळे असेल तर दुसऱ्या अंगाच्या जोरावर ते पूर्णपणे झाकता येत नाही.

समान उत्पन्न, तीन स्थाने. २०२१-२२च्या अहवालातील २०२१ सालचे आकडे पाहू. दरडोई उत्पन्न श्रीलंकेचे १२,५७८ डॉलर, दक्षिण आफ्रिकेचे १२,९४८ आणि पश्चिम-मध्य आफ्रिकेतील इक्वेटोरियल गिनीचे १२,०७४. लॉगरिदमी गुणांत तिघेही ०.७२ ते ०.७४ यांच्यात, म्हणजे जवळपास एकाच रेषेवर. पण १९१ देशांच्या यादीत श्रीलंका ७३व्या स्थानी (०.७८२), दक्षिण आफ्रिका १०९व्या (०.७१३) आणि इक्वेटोरियल गिनी १४५व्या (०.५९६).

दक्षिण आफ्रिका मागे पडली ती शाळेमुळे नव्हे. तिथल्या प्रौढांची शिक्षणाची सरासरी ११.४ वर्षे, श्रीलंकेच्या १०.८पेक्षाही थोडी जास्त. फरक पडतो आयुष्यात : श्रीलंकेत ७६.४ वर्षे, दक्षिण आफ्रिकेत ६२.३. एचआयव्हीच्या साथीने तिथले आयुर्मान २००५च्या सुमारास पंचावन्न वर्षांच्याही खाली ओढले होते. सरकारने विषाणूरोधक औषधे देण्यास आधी टाळाटाळ केली, मग न्यायालयीन लढाईनंतर ती सरकारी दवाखान्यांत पोहोचली आणि आयुर्मान चढू लागले. कोविडने २०२१ मध्ये ते पुन्हा खाली आणले.

इक्वेटोरियल गिनीची दोन्ही अंगे कमकुवत आहेत. आयुर्मान ६०.६ वर्षे, प्रौढांचे शिक्षण सरासरी ५.९ वर्षे आणि आजच्या मुलाला अपेक्षित शिक्षण ९.७ वर्षे. १९९०च्या दशकाच्या मध्यावर समुद्रतळाशी मोठा तेलसाठा सापडला आणि हा छोटा देश पाहता पाहता आफ्रिकेतल्या सर्वाधिक दरडोई उत्पन्नाच्या देशांत गणला जाऊ लागला. तेल उपसायला माणसे थोडी लागतात, यंत्रे आणि भांडवल बाहेरून येते. १९७९ पासून एकाच राष्ट्राध्यक्षाच्या हाती सत्ता असलेल्या या देशात तो पैसा गावच्या शाळेपर्यंत आणि प्रसूतिगृहापर्यंत फारसा गेला नाही.

श्रीलंकेची कमाई जुनी आहे. १९२६ साली कळुतारा येथे आरोग्य पथकाची सुरुवात झाली आणि पुढे अशा पथकांतल्या सुईणी खेडोपाडी घरोघर जाऊ लागल्या. १९३१ मध्ये सर्व प्रौढांना मताधिकार मिळाल्याने निवडून जाणाऱ्यांना गावातल्या शाळा-दवाखान्यांचा हिशेब द्यावा लागला. शिक्षणमंत्री सी. डब्ल्यू. डब्ल्यू. कन्नंगरा यांच्या काळात, १९४५ पासून, शिक्षण मोफत झाले. त्या पिढ्यांची शालेय वर्षे आजच्या सरासरीत जमा आहेत. देश श्रीमंत होण्याची वाट न पाहता हे झाले.

पैशाने किती भरून निघते? तीन देशांचे गणित थोडे पुढे नेले तर उत्तर मिळते. आयुर्मान आणि शिक्षण आहे तसेच ठेवून केवळ उत्पन्नाच्या बळावर श्रीलंकेची पातळी गाठायची, तर दक्षिण आफ्रिकेला दरडोई उत्पन्न जवळपास पाचपट करून ६१,००० डॉलरांच्या घरात न्यावे लागेल. तेच काम आयुर्मान ७६ वर्षांच्या जवळ नेऊन होते. इक्वेटोरियल गिनीला तर उत्पन्नाने ती पातळी गाठताच येत नाही. तिचे उत्पन्न ७५,००० डॉलरांच्या कमाल मर्यादेला टेकले, तरी निर्देशांक ०.६६च्या आसपास थांबतो, म्हणजे ०.५५ ते ०.७० या ‘मध्यम’ गटातच.

मर्यादा. निर्देशांक सरासरी सांगतो, वाटप सांगत नाही. २०१० पासून यासाठी विषमता-समायोजित निर्देशांकही प्रसिद्ध होतो. त्यात २०२१ सालच्या दक्षिण आफ्रिकेच्या आकड्यातून सुमारे एक-तृतीयांश वजा होतो, श्रीलंकेच्या आकड्यातून त्याच्या निम्म्याहून कमी. शाळेत किती वर्षे गेली एवढेच हे मोजमाप पाहते. तिथे काय शिकायला मिळाले, हे पाहत नाही. दक्षिण आफ्रिकेची ११.४ वर्षे वाचताना हे ध्यानात ठेवावे लागते. शिवाय आयुर्मान आणि प्रौढांचे शिक्षण सहसा हळू बदलते, त्यामुळे अचानक आलेले आर्थिक संकट त्यांत लगेच उमटत नाही. एप्रिल २०२२ मध्ये श्रीलंकेने परदेशी कर्जाची परतफेड थांबवली. इंधन आणि औषधे मिळेनाशी झाली. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या अहवालात ती ७३व्या स्थानी होती, कारण त्यातले आकडे आदल्या वर्षाचे होते.