मुंबई विमानतळावरील रात्रीचा मुक्काम

हिंगोली जिल्ह्यात विमानतळ नाही. औंढा, वसमत, सेनगाव वा कळमनुरीच्या प्रवाशाला परदेशी जायचे असल्यास नांदेड किंवा छत्रपती संभाजीनगर गाठावे लागते, अथवा थेट रेल्वेने मुंबई. परदेशी जाणारी बरीचशी विमाने मध्यरात्रीनंतर सुटतात आणि देशांतर्गत विमान मात्र सायंकाळीच मुंबईत उतरवते. मधले आठ-दहा तास कोठे काढायचे, हा प्रश्न मग उभा राहतो.

सर्वप्रथम तिकिटावरील विमानतळाचे नाव पाहावे. डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईचा विमानतळही सुरू झाला आहे. तिकिटावर मुंबईसाठी BOM आणि नवी मुंबईसाठी NMI अशी अक्षरे असतात. उतरणे एकीकडे व सुटणे दुसरीकडे असल्यास रात्रीचा काही वेळ अख्खे शहर ओलांडण्यातच जाईल. मुंबईच्या विमानतळावरही टर्मिनल १ सांताक्रूझ बाजूला आणि टर्मिनल २ सहार बाजूला आहे. आंतरराष्ट्रीय विमाने टर्मिनल २ वरून सुटतात. दोन्ही टर्मिनलांजवळ भुयारी मेट्रोची स्थानके आहेत, परंतु ही मेट्रो रात्री साडेदहाच्या सुमारास थांबते, पुढे टॅक्सीच घ्यावी लागते.

एक उदाहरण घेऊ. संभाजीनगरहून निघालेला प्रवासी रात्री आठ वाजता उतरला आणि त्याचे पुढचे विमान पहाटे साडेपाचचे आहे. दोन्ही प्रवास एकाच तिकिटावर असतील तर सामान बहुधा थेट अंतिम मुक्कामापर्यंत जाते. निघताना सामानाच्या चिठ्ठीवर कोणत्या शहराचे नाव आहे, ते वाचून खात्री करावी. तिकिटे वेगवेगळी असतील तर सामान घेऊन बाहेर यावे लागते, पुन्हा प्रस्थानाच्या दारातून आत जावे लागते, आणि खरी अडचण येथेच सुरू होते. दारावर केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचे जवान तिकीट व ओळखपत्र पाहतात आणि फार लवकर आलेल्यांना थांबवू शकतात. आत प्रवेश मिळाला तरी कंपनीची खिडकी साधारण तीन-चार तास आधीच, म्हणजे रात्री दीड ते अडीचच्या सुमारास उघडते. तोवर मोठ्या बॅगा प्रवाशाच्याच जवळ राहतात. म्हणून तिकीट काढतानाच कंपनीकडे दोन गोष्टी विचारून घ्याव्यात: टर्मिनलमध्ये किती तास आधी सोडतात आणि सामान किती आधी घेतात.

टर्मिनलमध्ये झोपायचे ठरले तर जागा पारखून घ्यावी. अनेक खुर्च्यांना मधे हात असल्याने आडवे होता येत नाही. वातानुकूलनामुळे रात्री चांगलीच थंडी वाजते, हातसामानात शाल असावी. पारपत्र व पैसे अंगावरच्या कपड्यात, बॅगेचा पट्टा हाताला किंवा पायाला गुंतवलेला, आणि मोबाइलवर दोन गजर, एक खिडकी उघडण्याचा व दुसरा विमानात चढण्याचा. उद्घोषणेवर विसंबू नये. मोठ्या विमानतळांवर प्रत्येक विमानाची घोषणा होतेच असे नाही. सामान दिल्यानंतर इमिग्रेशनपलीकडची आसने तुलनेने शांत असतात. मात्र पारपत्रावर प्रस्थानाचा शिक्का पडल्यावर सहज बाहेर येता येत नाही, तेव्हा शहरात जायचे असेल तर ते त्यापूर्वीच.

वयस्कर मंडळी किंवा लहान मुले सोबत असल्यास खोली घेणेच शहाणपणाचे. टर्मिनल २ मध्येच निरांता हे तासांच्या हिशेबाने खोली देणारे हॉटेल आहे. त्याचा एक भाग सुरक्षातपासणीच्या अलीकडे व दुसरा पलीकडे असल्याने, सामान दिले नसेल तर अलीकडच्या भागातच खोली मागावी. बाहेर अंधेरी पूर्व, मरोळ, विलेपार्ले या भागांत स्वस्त-महाग हॉटेले आहेत. बारा वाजता खोली सोडण्याचा नियम, रात्री दोन वाजता वाहन मिळेल का आणि नेण्या-आणण्याचे वेगळे पैसे लागतील का, हे आरक्षणापूर्वी विचारावे. खोली जितकी विमानतळाजवळ, तितकी पहाटेची झोप अधिक.

बाहेर पडताना आगमन कक्षाजवळ हात धरून ‘साहेब, टॅक्सी?’ म्हणणाऱ्यांच्या मागे जाऊ नये. प्रीपेड टॅक्सीच्या खिडकीवर पैसे भरून पावती घ्यावी, पावतीवरील गाडीचा क्रमांक जुळवून पाहावा आणि ती पावती चालकाला मुक्कामी पोहोचल्यावरच द्यावी. ‘ते हॉटेल बंद झाले, दुसरे दाखवतो’ असे चालक म्हणाला, तर गाडीतूनच हॉटेलला दूरध्वनी करावा. गाडीचा क्रमांक घरी कळवून ठेवावा. परतीसाठी विमानाच्या वेळेपूर्वी किमान चार तास खोलीतून निघावे; पावसाळ्यात त्यात आणखी तासाची भर घालावी, कारण सखल भागांतील रस्ते तुंबले की अंधेरीपासूनचा थोडा रस्ताही लांबतो.